जुन्या अल्बमचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, पण हवा तो सापडत नाही. चेहऱ्यावरून शोधू की पाटीवरच्या अक्षरांवरून?

सुमेधा_खानापूर

नमस्कार मंडळी. आमच्या थोरल्या आत्याची पंचाहत्तरी आहे. घरच्यांनी एक छोटी पुस्तिका छापायची ठरवलंय आणि छापखान्याला शनिवारपर्यंत फोटो द्यायचेत. त्यात सगळ्यांना एक फोटो हवाच आहे: आजी-आजोबा बेळगावात खडेबाजारातल्या आमच्या जुन्या दुकानासमोर उभे आहेत, डोक्यावर दुकानाची रंगवलेली पाटी आहे. दुकान आता नाही. मूळ अल्बम पावसात भिजून गेला.

सुदैवाने 2023 च्या दिवाळीत भाच्याने सगळे अल्बम मोबाईलने टिपून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले होते. म्हणजे फोटो माझ्याकडे असणार. पण गॅलरीत हजारो फोटो आहेत आणि त्या दिवसांत आलेल्या शुभेच्छांचे दिवे-पणत्याही त्यातच मिसळलेत. अँड्रॉइड फोन आहे, गूगल फोटोज वापरते. People मध्ये माझा, मुलांचा, नवऱ्याचा चेहरा दिसतो. आजी-आजोबांचा दिसत नाही. शोधच्या पट्टीत दुकानाचं नाव मराठीत टाकलं, काहीच आलं नाही. कुठून सुरुवात करू?

लता_अथणी

ताई, डिलीट झालेले फोटो Trash मध्ये राहतात, बॅकअप झालेले असतील तर 60 दिवस, नसतील तर 30. लगेच बघा, उशीर करू नका. माझ्या बारशाच्या फोटोंचं असंच झालं होतं, म्हणजे माझ्या मुलीच्या बारशाच्या.

सुमेधा_खानापूर

लतावहिनी, डिलीट नाही हो झालेला. आहे, पण गर्दीत हरवलाय.

मोबाईल_प्रसाद

ताई सोपं आहे. माझं टिळकवाडीत मोबाईल रिपेरिंग आहे, दिवसाला एक तरी गिऱ्हाईक हेच विचारतं. चेहरे ओळखायचं काम फोनच्या आतच होतं, त्याला नेट लागत नाही, बॅकअप लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चेहऱ्यांचं ग्रुपिंग एकदा बंद करा आणि परत चालू करा. नव्याने सगळं तपासतं, आजी-आजोबा वर येतील.

स्टुडिओ_शहापूर

सुमेधाताई, ग्रुपिंग बंद करू नका, थांबा. गूगल फोटोजमध्ये ते बंद केलं की तयार झालेले चेहऱ्यांचे सगळे गट पुसले जातात आणि तुम्ही दिलेली नावंही जातात. मुलांची, नवऱ्याची नावं दिली असतील तर सगळं परत करत बसाल, शनिवार तोंडावर असताना.

प्रसाददादांचं अर्धं खरं आहे. काही कंपन्यांच्या स्वतःच्या गॅलरीत आणि आयफोनवर चेहरे जुळवायचं काम फोनमध्येच होतं. गूगल फोटोजमध्ये मात्र चेहऱ्यांचे गट आणि अक्षरांचा शोध नीट चालतो तो बॅकअप झालेल्या फोटोंवर. तुमचे अल्बमचे फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेत, आणि व्हॉट्सअॅपच्या फोल्डरचा बॅकअप आपोआप चालू नसतो. कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर जातात, हे नाही. म्हणून तुम्ही आणि मुलं People मध्ये दिसता आणि आजी-आजोबा दिसत नाहीत, असा माझा कयास आहे. आधी तेवढं तपासा. फोटोजच्या सेटिंगमध्ये Backup, त्यात Back up device folders. तिथे WhatsApp Images समोरचं बटण बंद आहे का?

सुमेधा_खानापूर

बंद आहे!! आता चालू केलं. पण माझ्याकडे फुकटचे 15 जीबी जवळजवळ भरलेत.

स्टुडिओ_शहापूर

मग अख्खं फोल्डर चढवू नका, त्यात शुभेच्छा, बातम्या, भाज्यांचे भाव सगळं वर जाईल. परत बंद करा आणि दिवाळीच्या दिवसांचेच फोटो निवडून हाताने बॅकअप करा. व्हॉट्सअॅपच्या फोटोची तारीख म्हणजे तो तुमच्या फोनवर आला ती तारीख. फोटो 1994 चा असला तरी फोन म्हणेल नोव्हेंबर 2023. एरवी हा तोटाच, पण तुमच्या बाबतीत फायदा आहे, कारण सगळे अल्बम एकाच ठिकाणी जमलेत. फाईलच्या नावातही तारीख असते, IMG-20231112-WA0034 अशी. 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, त्याच्या आगेमागे बघा.

निवडताना पहिल्या फोटोवर बोट दाबून धरा आणि न उचलता खाली ओढत न्या, एकेक टिकत बसायला नको. मग Back up. फोन चार्जरला आणि वाय-फायवर ठेवा. वर गेल्याबरोबर चेहरे दिसणार नाहीत. काही तास लागतात, कधी दिवसही जातो. आज रात्री लावा, उद्या संध्याकाळी बघा.

गणपतगल्ली

सुमेधाताई, दुकान कसलं होतं? खडेबाजारातली जुनी दुकानं आठवायला बसलो तर माझी रात्र जाईल, पण मजा येईल.

सुमेधा_खानापूर

किराणा आणि घाऊक गूळ. नाव इथे नको, घरचे सगळे वाचतात आणि पुस्तिका आत्यासाठी गुपित आहे :)

अप्पा_निपाणी

प्रश्न अगदी माझाच आहे. मी निवृत्त शिक्षक. आमच्या शाळेच्या सातवीच्या वर्गाचा 1971 सालचा फोटो एका विद्यार्थ्याने फ्रेमसकट मोबाईलने टिपून पाठवला. त्यात साठेक मुलं आहेत. मला त्यातली दोन मुलं शोधायची आहेत, त्यांच्या घरच्यांना फोटो द्यायचा आहे. त्या दोघांचे मोठेपणीचे फोटो माझ्याकडे आहेत, चेहऱ्यांचे गटही झालेत. पण वर्गाच्या फोटोवर एकही चेहरा ओळखलेला दिसत नाही. साठ मुलांतला एकही नाही, हे कसं?

स्टुडिओ_शहापूर

अप्पा, नमस्कार. साधा हिशेब सांगतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांबीला साधारण 1600 पिक्सेलपर्यंत खाली येतो. एका ओळीत पंधरा मुलं धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर पिक्सेल आले. त्यात खांदे, मधली जागा सोडली तर चेहऱ्याला उरतात चाळीस-पन्नास. त्यावर जुन्या छपाईचे दाणे, फ्रेमच्या काचेवरची चमक आणि उन्हामुळे मिटलेले डोळे. माणसाच्या नजरेला मूल दिसतं, पण फोनला तिथे चेहरा आहे हेच कळत नाही. आणि चेहराच सापडला नाही तर तो कुणाचा हा प्रश्नच येत नाही.

उपाय म्हणजे फ्रेम ज्यांच्याकडे आहे त्यांना परत टिपायला सांगा, पण तुकड्यांत. फ्रेम भिंतीवरून काढून खिडकीपासून थोडी तिरपी धरायची, फ्लॅश बंद. एका ओळीचे दोन भाग, सात-आठ मुलांचा एक फोटो. साध्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रुंदी चार हजार पिक्सेल येते, म्हणजे एकेका मुलाला पाचशे. तेवढं पुरतं. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आकार कमी होत नाही. फक्त तसा आलेला फोटो गॅलरीत दिसत नाही, फाईल्समध्ये जाऊन वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावा लागतो.

बारा वर्षांचा मुलगा आणि साठीचा माणूस एकाच गटात आपोआप येतील याची मात्र खात्री नाही. लहानपणचा गट वेगळा होईल. तो कुणाचा हे तुमच्याच डोळ्यांना ठरवावं लागेल.

अप्पा_निपाणी

समजलं. हिशेब करून सांगितलात म्हणून पटलं. फ्रेम चिकोडीला आहे, रविवारी मी स्वतःच जाऊन टिपतो.

संतोष_येळ्ळूर

हे वाचून मला माझं सांगावंसं वाटलं. माझ्या फोनात उलटंच झालंय. माझे वडील तरुणपणी अगदी माझ्यासारखे दिसायचे. त्यांच्या लग्नाचे फोटो टिपून चढवले, तर फोनने ते सगळे माझ्या नावाखाली नेऊन टाकले. आमची आई बघून म्हणाली, अरे तुझं लग्न माझ्याशी कधी झालं? घरात हसून हसून पुरेवाट. पण आता मी माझं नाव शोधलं की वडील येतात, आणि वडिलांचं शोधलं की फक्त म्हातारपणचे फोटो. हे सुटं कसं करायचं, कुणी सांगा की.

स्टुडिओ_शहापूर

संतोष, हे भाऊ-भाऊ आणि बाप-लेक यांच्यात हमखास होतं. तुझ्या नावाचा गट उघड, वर तीन टिंबांमध्ये Remove results आहे. वडिलांचे तेवढे फोटो निवडून काढ. फोटो डिलीट होत नाहीत, फक्त त्या नावाखालून निघतात. मग त्यातला एक फोटो उघडून वर सरकव, माहितीत खाली चेहरे दिसतील, तिथल्या पेन्सिलवर जाऊन वडिलांचं नाव दे. फोनला चेहरा सापडलेला असेल तरच हे करता येतं. रिकाम्या जागेवर बोट ठेवून इथे माणूस आहे असं त्याला सांगता येत नाही.

असं मिसळलंय हे ओळखायची खूण म्हणजे एखाद्या नावाखाली त्या माणसाच्या जन्माआधीचे कपडे, फेटे, जुन्या गाड्या दिसायला लागणं. तारखेवर जाऊ नकोस, टिपलेल्या फोटोंच्या तारखा सगळ्या नव्याच असतात.

संतोष_येळ्ळूर

होय की, जमलं! पण हळदीचे फोटो कुणाच्याच नावावर नाहीत. आणि लग्नातला एक मुंडावळ्यांचा आहे, तोही नाही.

स्टुडिओ_शहापूर

हळदीने माखलेला चेहरा, कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, फेटा भुवयांपर्यंत आलेला. लग्नाच्या अल्बममधले निम्मे चेहरे अशानेच सुटतात. त्यांना वेगळा मार्ग आहे, खाली सुमेधाताईंना सांगतो.

आनंद_हुक्केरी

मधेच विचारतो. आपल्या आजी-आजोबांचे, लहान पोरांचे चेहरे एका कंपनीच्या हातात द्यायचे आणि वर नावंही लिहून द्यायची? मला हे पटत नाही. माझ्याकडे ग्रुपिंग बंद आहे आणि बंदच राहणार. अल्बमच्या पानावर नाव लिहिलं तर ते घराबाहेर जात नाही.

स्टुडिओ_शहापूर

आनंदराव, तुमचं म्हणणं मी हलकं घेत नाही. तुम्ही दिलेलं नाव दुसऱ्या कुणाला दिसत नाही, फोटो शेअर केला तरी सोबत जात नाही. पण ते गूगलच्या खात्यात राहतं हे खरंच आहे. ज्याला ते नको त्याने बंद ठेवावं.

आनंद_हुक्केरी

ठीक. पण शेजाऱ्यांच्या मुलांचे फोटो माझ्याकडे असतात, त्यांना कुणी विचारत नाही. माझा मुद्दा तो आहे. धागा तिकडे नेत नाही, चालू द्या.

मोबाईल_प्रसाद

शहापूरकर, बरोबर आहे तुमचं, गूगलचं वेगळं असतं हे आता लक्षात आलं. पण एक माझंही ऐका. सुमेधाताईंच्या फोनमध्ये कंपनीची स्वतःची गॅलरी असेलच. ती उघडून बघा, तिथे लोकांचा विभाग असेल तर बॅकअपविना आजी दिसेल. 15 जीबी भरलेल्याला हा रस्ता बरा.

स्टुडिओ_शहापूर

हे एकदम बरोबर. दोन्ही करून बघा ताई.

सुमेधा_खानापूर

आजचा वृत्तांत. नोव्हेंबर 2023 मधले अल्बमचे फोटो काल रात्री वर चढवले. संध्याकाळी People मध्ये आजी आली! दोन ठिकाणी आली, एकदा तरुण आणि एकदा पांढऱ्या केसांची. दोघींना 'आजी' हेच नाव दिल्यावर फोनने विचारलं की ही एकच व्यक्ती का, हो म्हटलं, झालं एक. आजोबांचा गट मात्र फार छोटा आहे, तेही घरातले बसलेले फोटो. दुकानासमोरचा एकही नाही. आजोबा दुकानात कायम काळी टोपी घालायचे, कपाळावर ओढलेली.

प्रसाददादा, फोनच्या गॅलरीत आजी होती पण आजोबा तिथेही नव्हते.

आजीच्या नावाखाली जे फोटो आले ते सगळे पाहिले. देवळातले, लग्नातले, सौंदत्तीच्या जत्रेचे. दुकानाचा नाही. पाटीवरचं नाव मराठीत परत शोधलं, तरी काही नाही. मग पाटी वाचताच येत नसेल का?

स्टुडिओ_शहापूर

आता खरी गंमत. पाटी कशी होती, आठवतं तेवढं सांगा. अक्षरं कुठल्या लिपीत, छापील वळणाची की पेंटरने सजवलेली, खाली काही बारीक लिहिलं होतं का?

सुमेधा_खानापूर

नाव मराठीत, मोठं, लाल रंगात, अक्षरांना पिवळी सावली दिलेली. खाली एका ओळीत इंग्रजीत मालकाचं नाव, खडेबाजार, बेळगाव. उजव्या कोपऱ्यात फोन नंबर. नंतर कन्नड पाटीही आली पण त्या फोटोत नसावी. साधारण 1993-94 असेल.

स्टुडिओ_शहापूर

मग मराठी नावाचा नाद सोडा. ते पेंटरने काढलेलं आहे, अक्षराला सावली आहे, वेलांट्या नक्षीत गेल्यात. छापील देवनागरी फोन बऱ्यापैकी वाचतो, पण रंगवलेली, शिरोरेघ तुटलेली किंवा एकात एक गुंतलेली अक्षरं त्याला जमत नाहीत. शिवाय आपण आज जसं लिहितो तसं पाटीवर असेलच असं नाही. जुन्या पाट्यांवर 'बेळगांव' अनुस्वारासह असतं, आपण 'बेळगाव' टाकतो.

उजवा कोपरा धरा. आकडे साधे काढलेले असतात, पेंटरही त्यात कलाकुसर करत नाही. फोन नंबर आठवत नसला तरी चालेल, बेळगावचा एसटीडी कोड तोच आहे. शोधच्या पट्टीत `0831` टाका. नंतर `Belgaum` टाका. लक्षात ठेवा, `Belagavi` नको. गावाचं नाव सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्याआधीच्या पाटीवर Belgaum च असणार. आलेल्या फोटोंत फारच गर्दी असली तर शब्द अवतरणचिन्हांत घाला, `"Belgaum"` असा. मग फोन अर्थाने जवळचं काही आणत नाही, तीच अक्षरं शोधतो.

नाव आणि अक्षरं एकत्र, म्हणजे आजी आणि 0831 एकदम, टाकून बघा, पण ते कधी लागतं कधी नाही. मी आधी एकाने शोधतो, मग नजरेने गाळतो.

गणपतगल्ली

हे वाचून मीही 0831 टाकून बघितलं. बापरे. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, कुंद्याच्या डब्यांवरचे पत्ते, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एका रिक्षाच्या मागची जाहिरात, सगळं वर आलं. माझ्या मुंजीची पत्रिका मिळाली, ती माझ्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं.

लता_अथणी

मीपण केलं, माझं काहीच आलं नाही. अथणीचा कोड वेगळा आहे ना, म्हणून असेल.

गणपतगल्ली

वहिनी, तुमच्या पाटीवर तुमचाच कोड शोधा की :)

मंगल_गोकाक

अक्षरांवरून शोधायचं निघालं म्हणून सांगते. आमच्या शेताच्या पहाणीचा फोटो मी कधीतरी काढून ठेवला होता. तलाठ्याकडे उभी होते आणि सापडेना. कन्नडमध्ये कागद, मला टाईप करता येत नाही. शेवटी सर्व्हे नंबर टाकला, आकडा आणि तिरकी रेघ, लगेच आला. आणि गाडीचा विमा शोधायचा तर `KA 49` टाकते, स्कूटरच्या नंबरप्लेटचे फोटोही येतात. पण कन्नड शब्द टाकून कुणाला काही सापडलंय का? मला एकदा सापडलं, एकदा नाही.

स्टुडिओ_शहापूर

मंगलताई, छापील कन्नड कागदावर मला चांगला अनुभव आहे, दुकानाच्या रंगवलेल्या कन्नड पाट्यांवर नाही. ठाम सांगण्याइतकं मी करून पाहिलेलं नाही. आकड्यांचं तुमचं मात्र शंभर टक्के बरोबर.

सुमेधा_खानापूर

मिळाला!!!

0831 ने बरंच काही आलं, त्यात दुकानाचे दोन फोटो होते. एकात फक्त पाटी आणि गुळाच्या ढेपा. दुसऱ्यात आजी-आजोबा. आजी ग्राहकाकडे वळून बघतेय, म्हणून अर्धाच चेहरा आहे, आणि आजोबांचे डोळे टोपीच्या सावलीत गेलेत. म्हणून दोघांच्याही नावाखाली तो आला नव्हता. पाटीचं मोठं नाव फोनने वाचलेलंच नाही. फोटो उघडून लेन्सने अक्षरं निवडायला गेले तर फक्त इंग्रजी ओळ आणि नंबर निवडला जातोय. दुकानाचं नाव कोरंच.

आईला दाखवला. ती म्हणाली, गुळाच्या ढेपांवर बसलेलं ते पोरगं म्हणजे तुझा धाकटा भाऊ. आम्ही आजवर समजत होतो की त्याचा लहानपणचा एकही फोटो नाही.

शहापूरकर दादा, प्रसाददादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

मोबाईल_प्रसाद

वा ताई! पुस्तिकेत मोठा छापा.

स्टुडिओ_शहापूर

फार आनंद झाला. ते ढेपांवरचं पोरगं वाचून जरा थांबलोच.

छापण्याआधी एक. तुमच्याकडे व्हॉट्सअॅपची प्रत आहे. 1600 पिक्सेल म्हणजे चांगल्या छपाईत साधारण पाच इंच रुंदी, त्याच्यापुढे फुटतो. भाच्याच्या फोनमध्ये मूळ फोटो अजून असेल तर तो Document म्हणून मागवा.

आणि वर संतोषला म्हटलं तो मार्ग हा. जिथे चेहराही लागत नाही आणि पाटीही वाचता येत नाही, तिथे आपणच अक्षरं द्यायची. फोटो उघडून वर सरकवा, Add a caption दिसेल. तिथे साध्या मराठीत लिहा: आजी, आजोबा, भाऊ लहानपणी, खडेबाजार दुकान, 1994. ही ओळ शोधात येते. हळदीचे, मुंडावळ्यांचे, पाठमोरे, सगळ्यांना हेच. तारीखही तिथेच पेन्सिलने बदलता येते. नेमका दिवस माहीत नसेल तर 1 जानेवारी 1994 टाका, वर्ष बरोबर असलं की पुरे.

सगळ्या फोटोंना लिहीत बसू नका, होत नाही. ज्यांत माणूस ओळखू येत नाही तेवढ्यांनाच लिहा. आणि ज्यांना ती माणसं ओळखता येतात ते घरात आहेत तोवर लिहा.

सुमेधा_खानापूर

भाच्याला फोन केला. त्याने तो फोन विकला, पण खातं तेच आहे, मूळ फोटो त्याच्या खात्यात सापडला. उद्या देतो म्हणाला. आजच आईला शेजारी बसवून ओळी लिहायला सुरुवात केली. सौंदत्तीच्या फोटोत आजीच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मी आत्या समजत होते, त्या निघाल्या आजीच्या मैत्रीण.

संतोष_येळ्ळूर

दादा, एक शंका. मी मराठीत ओळ लिहिली 'हळद', आणि शोधताना बायको `halad` असं इंग्रजी अक्षरांत टाकते. तिला नाही येत.

स्टुडिओ_शहापूर

जशी लिहिली तशीच शोधावी लागते असं धरून चाल. घरात दोघं दोन प्रकारे टाईप करत असाल तर ओळीत दोन्ही लिही, `हळद halad`. दिसायला बरं नाही, पण सापडतं.

आनंद_हुक्केरी

हा ओळ लिहायचा प्रकार मला पटला. चेहरे न देताही चालतो. करून बघतो.

नेहा_कॅम्प

माझा आयफोन आहे. चेहरे फोनमध्येच जुळतात, पण रात्री चार्जरला लावून लॉक ठेवला तरच पुढे सरकतं, हातात धरून बसलं तर काहीच हलत नाही. इंग्रजी पाट्या शोधात येतात. मराठी पाट्या मला एकदाही आलेल्या नाहीत. कुणाला आयफोनवर देवनागरी अक्षरं शोधात मिळालीत का? असतील तर फोन कुठला आणि सेटिंग काय, ते सांगा.

अप्पा_निपाणी

रविवारी चिकोडीला जाऊन आलो. फ्रेम अंगणात सावलीत ठेवून तुकड्यांत टिपली, शहापूरकरांनी सांगितली तशी. आज बघतो तर मधल्या दोन ओळींतले बरेच चेहरे फोनने ओळखायला घेतलेत. मला हव्या असलेल्या दोघांपैकी एकाचा गट झाला. मी नाव दिलं, फोनने मोठेपणच्या गटाशी जोडू का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. त्याच्या मुलीला फोटो पाठवला, तिने वडिलांना अर्ध्या चड्डीत पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरा मागच्या ओळीत आहे. समोरच्या मुलाच्या डोक्याआड त्याची हनुवटी गेली आहे, त्याचा चेहरा फोनला सापडत नाही. मी त्या तुकड्याला ओळ लिहून ठेवली आहे. शहापूरकर, तो भाग अजून जवळून टिपला तर उपयोग होईल का?

स्टुडिओ_शहापूर

अप्पा, झाकलेली हनुवटी जवळून टिपूनही झाकलेलीच राहणार. पण डोळे आणि नाक पूर्ण दिसत असतील तर एकदा करून बघायला हरकत नाही. तेवढाच चेहरा फोटोभर येऊ द्या आणि काच काढता आली तर काढून टिपा. फ्रेमच्या मागचे खिळे जुने असतील, सांभाळून.